पाच शब्द आणि त्यांच्याखालची पाच कामे

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

दर ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला आपल्या भिंतींवर एक कॅरोसेल हमखास फिरते. गडद पार्श्वभूमी, पागोटे घातलेल्या जोतीराव फुले यांचे रेखाचित्र आणि प्रत्येक सरकपट्टीवर एक वाक्य. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध रचना ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथाच्या उपोद्घाताच्या आरंभी येते. ती इथे पुन्हा उतरवत नाही, ती आपणा सर्वांना पाठ आहे. विद्या, मती, नीती, गती आणि वित्त या पाच शब्दांची ती साखळी आहे. पहिली कडी तुटली की पुढच्या एकामागून एक तुटत जातात आणि अखेरीस शूद्र समाज खचतो, असा तिचा अर्थ.

या वर्षी मित्रांच्या एका गटाने तसेच कॅरोसेल करण्याचे काम माझ्यावर सोपवले. अट एकच होती, की ते गुळगुळीत होता कामा नये. उपाय म्हणून आम्ही ठरवले, की प्रत्येक शब्दाखाली एक ठोस कृती लिहायची. ‘समाजासाठी झटले’ ही कृती नव्हे. कोणी, कुठे, केव्हा आणि नेमके काय केले किंवा मागितले, एवढे एका ओळीत सांगता आले पाहिजे. एक साधी कसोटीही लावली. ओळीखालचे नाव हाताने झाकायचे आणि दुसऱ्या कोणत्याही थोर व्यक्तीचे नाव तिथे ठेवून पाहायचे. तरीही ओळ शोभत असेल, तर ती रद्द. या कसोटीवर आमच्या पहिल्या खर्ड्यातले जवळजवळ सगळे गळाले.

मग शोधायचे कुठे? दोन ठिकाणे सापडली. एक बुधवार पेठ. दुसरे म्हणजे १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे निवेदन, जे फुले यांनी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे इंग्रजीतून सादर केले. ‘असूड’ त्यानंतरच्या वर्षी लिहून झाला. म्हणजे ज्या साखळीला आपण प्रेरणादायी सुविचार समजतो, तिच्या प्रत्येक कडीचे व्यवहारातले रूप फुले यांनी आदल्याच वर्षी सरकारी कागदावर मांडलेले होते. हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले, की कॅरोसेल जवळपास आपोआप तयार होते. मात्र शब्द आणि कृती यांची जोडणी माझी आहे, फुले यांनी ती अशी केलेली नाही, हे आधीच नोंदवतो.

पहिले कार्ड : विद्या.

खालची ओळ पहिल्या प्रयत्नात अशी होती : ‘१८४८, भिडेवाडा, बुधवार पेठ, देशातील मुलींची पहिली शाळा.’ ती मला लगेच बदलावी लागली. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत १८२४ पासून होत्या. बंगालमधल्या बारासात येथे १८४७ मध्ये तिथल्या लोकांनी मुलींची शाळा काढली होती. पुण्यातही मिशनऱ्यांची मुलींची शाळा आधीपासून होती, हे तर फुले स्वतःच हंटर आयोगाला सांगतात. त्यांचा दावा वेगळा आणि अधिक काटेकोर आहे : एतद्देशीयांनी चालवलेली अशी शाळा पुण्यात नव्हती, म्हणून आपण ती काढली आणि तिथे आपण व आपली पत्नी अशा दोघांनी मिळून अनेक वर्षे काम केले. ‘पहिली’ या शब्दाच्या मोहात आपण त्यांनी न केलेला दावा त्यांच्या तोंडी घालतो आणि मग कोणी बारासातचा दाखला दिला, की उगाच वरमतो.

त्यापेक्षा त्या शाळेचे पुढे काय झाले, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात, म्हणजे आजच्या दगडूशेठ हलवाई गणपती मंदिराच्या समोरच्या बाजूस, ही शाळा सुरू झाली तेव्हा जोतीराव विशीत होते आणि सावित्रीबाई अठरा वर्षांच्याही नव्हत्या. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे मित्र पाठीशी होते. तरीही काही महिन्यांतच ती शाळा बंद पडली. पुढच्या वर्षी लोकांच्या दडपणाखाली वडील गोविंदरावांनी या दांपत्याला घर सोडायला लावले. कॅरोसेलमध्ये ही बंद पडलेली शाळा कधी दिसत नाही. तिथे १८४८ नंतर सरळ १८५२ चा विश्रामबाग वाड्यातला सत्कार येतो.

मधली तारीख ३ जुलै १८५१ ही आहे. त्या दिवशी याच बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा नव्याने सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या, पुढे ती संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि पुढच्या वर्षी १५ मार्चला वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. म्हणून ‘विद्या’ या शब्दाखाली मी शेवटी लिहिले : ‘भिडेवाड्यातली शाळा बंद पडली. तीन वर्षांनी त्याच पेठेत, दुसऱ्या वाड्यात, आठ मुली घेऊन पुन्हा सुरू केली.’ ओळ थोडी लांब झाली. गटातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे पडले, की ‘बंद पडली’ हे शब्द उत्साहावर पाणी टाकतात. मी ते ठेवले. आठाच्या आकड्याला वजन येते ते त्या दोन शब्दांमुळेच.

एक उपकार्डही करायचे होते : सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल येणार हे धरून सोबत दुसरे लुगडे नेत असत आणि शाळेत पोहोचल्यावर ते बदलत. कृती म्हणून हिला तोड नाही. पण ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती नंतर सांगितल्या गेलेल्या आठवणींतून, त्या दिवसांतल्या एखाद्या नोंदीतून नव्हे. म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘आठवण’ असे लिहिले आणि आठ मुलींच्या कार्डावर ‘नोंद’ असे. इतिहासाच्या कॅरोसेलमध्ये ही दोन बारीक अक्षरे सर्वांनी वापरायला हरकत नसावी.

दुसरे कार्ड : मती. सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि सर्वांत जास्त शिकायलाही इथेच मिळाले.

मती म्हणजे बुद्धी. तिच्याखाली कोणती कृती लिहायची? हंटर आयोगापुढच्या निवेदनात फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी दिली आहे. वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांवरचे काही धडे. आज ही यादी वाचताना नजर सहज पुढे सरकते. तिच्यातल्या ‘मोडी व बाळबोध’ या दोन शब्दांपाशी मात्र थांबायला हवे.

त्या काळी मराठी दोन लिप्यांत नांदत होती. छापील पुस्तके बाळबोध म्हणजे देवनागरीत असत. हाताने लिहिलेला व्यवहार मोडीत चाले. कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही, कर्जरोखा, गहाणखत हे सारे मोडीत. मोडीत अक्षरे एकमेकांना जोडून, हात न उचलता लिहिली जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही आणि शब्दांमध्ये जागाही सोडली जात नाही. बाळबोध येणाऱ्याला मोडी आपोआप वाचता येत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच हे समजते.

आता एका शेतकऱ्याच्या मुलाची कल्पना करावी. त्याला फक्त बाळबोध शिकवले, तर तो क्रमिक पुस्तक वाचील, पोथी वाचील. पण आपल्या बापाने ज्या कागदावर निशाणी केली त्यात किती रुपये लिहिले आहेत आणि व्याज कोणत्या दराने आहे, हे त्याला वाचता येणार नाही. शाळा शिकूनही त्याला कुलकर्ण्याच्याच दारात जावे लागेल. मोडी आणि हिशेब ही जोडी शिकवली, तर तोच मुलगा घरातला रोखा स्वतः तपासू शकेल. निवेदनात हे दोन विषय इतिहास-भूगोलाच्या आधी येतात. तो क्रम मला सहज आलेला वाटत नाही.

हा प्रश्न त्या वर्षांत किती धगधगता होता, याची खूण पुण्याजवळच आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि पुढील आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तसेच घडले. बऱ्याच ठिकाणी त्यांचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळण्यात आले. जो कागद वाचता येत नाही, त्याचे दुसरे काय करता येते? सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचे करारनामे गावपातळीवरच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तरतूद त्यात होती.

या पार्श्वभूमीवर निवेदनातली आणखी एक सूचना वाचावी. शिक्षकाला गावच्या कारभारात स्थान द्यावे, त्याला गावच्या हिशेबाचा तपासनीस, दस्तऐवजांचा निबंधक, टपालमास्तर किंवा मुद्रांक विक्रेता करावे, असे फुले सुचवतात. तेवढ्याने त्याची प्रतिष्ठा वाढेल, असे कारण ते देतात. पण परिणाम त्याहून मोठा झाला असता. ज्या माणसाने मुलाला मोडी शिकवली, तोच माणूस बापाचा रोखा नोंदवताना समोर बसलेला असता.

‘मती’ या शब्दाखालची ओळ म्हणून अशी झाली : ‘मुलांना मोडी आणि हिशेब शिकवा. रोखा त्याच लिपीत असतो.’ यातले दुसरे वाक्य माझे आहे, फुले यांचे नाही. म्हणून दोघांनाही अवतरणचिन्ह लावलेले नाही. कॅरोसेलमधली बहुतेक बनावट वचने अशीच जन्माला येतात. कोणीतरी प्रामाणिकपणे सारांश लिहितो, पुढचा त्याला अवतरणचिन्ह लावतो आणि तिसरा खाली सही चिकटवतो. वचन खरे की बनावट याचा संशय घ्यायची एक सोपी खूण आहे. फुले यांचे गद्य लांब, वळणावळणाचे आणि चिडलेले असते. आठ शब्दांत आटोपणारे, कोणालाच न दुखावणारे वाक्य त्यांच्या नावावर दिसले, की ग्रंथ आणि प्रकरण विचारावे. उत्तर बहुधा येत नाही.

तिसरे कार्ड : नीती. इथे फार विचार करावा लागला नाही. १८६८ मध्ये फुले यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तारीख, ठिकाण आणि कर्ता तिन्ही स्पष्ट आहेत. नाव झाकून दुसरे ठेवून पाहण्याची कसोटीही ही ओळ सहज उत्तीर्ण होते.

चौथे कार्ड : गती.

गती म्हणजे पुढे जाणे. या कार्डासाठी मी निवेदनातला एक आकडा निवडला, बारा. तो तिथे दोनदा येतो. एकदा वय म्हणून : प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करावे. दुसऱ्यांदा रुपये म्हणून : प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये आणि मोठ्या गावांत ते पंधरा ते वीस असावे. आपण पहिला बारा लक्षात ठेवतो. दुसरा विसरतो.

शिक्षक कसा असावा, हेही फुले सांगतात. शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा, प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न कचरणारा. शाळांची तपासणी वर्षातून एकदा पुरत नाही, ती निदान तिमाही व्हावी, आणि शिवाय मध्येच, आगाऊ कळवल्याशिवाय भेट द्यावी, असेही ते म्हणतात. हे वाचताना हसू येते, कारण तपासनीस येणार म्हटले की पट भरतो आणि फळा पुसला जातो, हे त्यांना १८८२ मध्येही पक्के ठाऊक होते. शाळा चालवलेल्या माणसालाच अशी सूचना सुचते.

याच कार्डापाशी आमच्या गटात खरा वाद झाला. प्रत्येक कार्डाखाली ‘आज तुम्ही काय कराल?’ असा एक प्रश्न घालावा, अशी सूचना आली. उदाहरणार्थ, ‘आज एका मुलाला एक तास शिकवा.’ कल्पना वाईट नव्हती. दोन कार्डांवर मी ती घालूनही पाहिली आणि मग काढली. बारा रुपये वेतन द्या, बारा वर्षांपर्यंत सक्ती करा, न कळवता तपासणी करा, ही सगळी क्रियापदे सरकारला उद्देशून आहेत. शेतकऱ्यांच्या श्रमातून महसूल गोळा होतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्या निवेदनाचा मुख्य आक्षेप आहे. त्याखाली ‘तुम्ही एक तास द्या’ असे लिहिले, की मागणीचा उपदेश होतो आणि मागणी ज्याच्याकडे होती तो चित्रातूनच नाहीसा होतो. प्रेरणादायी कॅरोसेलमध्ये फुले यांचे नेमके हेच होत आले आहे, असे मला वाटते. गटात सर्वांना हे पटले नाही. शेवटी प्रश्नाऐवजी कार्डावर एक छोटी रेघ आणि तिच्यापुढे ‘कोणाकडे मागितले : सरकारकडे’ एवढेच राहिले.

मागणीचे पुढे काय झाले, तेही त्याच कार्डाच्या मागच्या पट्टीवर आहे. हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली, सक्तीची केली नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली. गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला. देशभराचा शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. निवेदनापासून हे अंतर सव्वाशे वर्षांहून अधिक आहे.

पाचवे कार्ड : वित्त. साखळीतली ही शेवटची कडी, आणि तिच्यासाठी ‘असूड’मध्येच जावे लागते. शेवटच्या प्रकरणात फुले उपाय सांगतात, त्यांत एक पाण्याचा आहे. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या जादा माणसांकडून ठिकठिकाणी लहान बंधारे व तलाव अशा रीतीने बांधून घ्यावेत, की पावसाचे पाणी नदीनाल्यांना मिळण्याआधी शेतांत मुरेल. पाणलोट हा शब्द आपल्या योजनांत रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही सूचना आहे. यासोबत निवेदनातली एक ओळ जोडली : गावच्या शाळेत शेतीचे धडे द्यायचे, तर शेजारी एक लहान नमुना-शेत असावे, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल. या कार्डावर मी फार रेंगाळलो नाही. बंधाऱ्यांचा विषय स्वतंत्र धाग्याचा आहे.

जाता जाता, ‘असूड’ची सुरुवातीची दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त छापली गेली आणि मग ते छापणे थांबले. भाषा फार जहाल होती. आज ज्याचा उपोद्घात शुभेच्छापत्रासारखा वाटला जातो, तो ग्रंथ स्वतःच्या चळवळीच्या पत्रालाही पुरता छापवला नव्हता.

कॅरोसेल पूर्ण झाल्यावर मुखपृष्ठासाठी भिडेवाड्याचे छायाचित्र घ्यायला मी बुधवार पेठेत गेलो. वाडा आता नाही. राष्ट्रीय स्मारकाचा प्रश्न अनेक वर्षे न्यायालयात अडकला होता. तो सुटल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ती मोडकळीस आलेली वास्तू रात्रीतून पाडली. समोर मंदिराची रांग, हारफुलांची दुकाने आणि रस्त्यावरची नेहमीची कोंडी. मुखपृष्ठावर मग छायाचित्र घेतलेच नाही. तिथे निवेदनाच्या तळाशी फुले यांनी स्वतःची जी ओळख लिहिली, ती घातली. तिच्यात महात्मा नाही, समाजसुधारकही नाही. तिथे आहे : व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज.